काळ्या नोडांचा हिशेब

अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल असतो. फोनवर गाणं चालू असतं, मागे नकाशा रस्ता शोधत असतो, संदेश येत असतात आणि या सगळ्या कामांना प्रोसेसर हवा असतो. पुढची पाळी कोणाची, हे ठरवण्यासाठी कर्नलला एक यादी ठेवावी लागते. 2007 मध्ये आलेल्या 2.6.23 या आवृत्तीपासून लिनक्सने ही यादी लाल-काळ्या झाडात ठेवायला सुरुवात केली. आतापर्यंत ज्याला सर्वांत कमी वेळ मिळाला, ते काम झाडाच्या अगदी डाव्या टोकाला असे आणि पुढची पाळी त्याचीच. पाळी संपली की त्याचा आकडा वाढलेला असे, म्हणून ते नव्या जागी पुन्हा घातलं जाई. 2023 च्या 6.6 आवृत्तीत काम निवडण्याची पद्धत बदलली, पण खालचं झाड तेच राहिलं.

अशा झाडात सतत भर पडत असते. तरीही ते एका बाजूला वाढत जाऊन लांबलचक का होत नाही? या प्रश्नाचं उत्तर फार सुंदर आहे, आणि ते समजायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

आधी साधं शोधझाड पाहू. संगणकातलं झाड उलटं काढतात: मूळ वर, फांद्या खाली. प्रत्येक ठिकाणी, म्हणजे नोडमध्ये, एक आकडा असतो. त्याहून लहान आकडे डावीकडे आणि मोठे उजवीकडे. शोधताना प्रत्येक पायरीवर एक बाजू सोडून देता येते. झाड दोन्ही अंगांनी भरलेलं असेल तर दहा लाख आकड्यांमधून हवा तो 20 पायऱ्यांत सापडतो. पण आकडे चढत्या क्रमाने आले, 10, मग 20, मग 30, तर प्रत्येक नवा आकडा आधीच्याच्या उजवीकडे लटकतो आणि झाडाची साखळी होते. मग दहा लाखावा आकडा शोधायला दहा लाख पायऱ्या लागतात. चढत्या क्रमाची नोंद ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तारखा, पावती क्रमांक, हजेरी क्रमांक असेच येतात.

यावरचा एक उपाय जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ बायर यांनी 1972 मध्ये मांडला. 1978 मध्ये लिओनिडास गिबास आणि रॉबर्ट सेजविक यांनी त्याला लाल आणि काळ्या रंगांचं रूप दिलं. प्रत्येक नोडला दोनपैकी एक रंग द्यायचा आणि तीन नियम पाळायचे. मूळ काळं असलं पाहिजे. लाल नोडचं अपत्य लाल असता कामा नये. आणि मुळापासून खाली कुठल्याही वाटेने शेवटच्या रिकाम्या जागेपर्यंत गेलं, तरी वाटेत भेटणाऱ्या काळ्या नोडांची संख्या सारखीच भरली पाहिजे. रिकामी जागा काळी मानतात, पण ती या मोजणीत धरायची नाही.

उंचीला लगाम बसतो तो तिसऱ्या नियमामुळे. समजा प्रत्येक वाटेवर 3 काळे नोड आहेत. मग सर्वांत आखूड वाट निव्वळ काळ्यांची, 3 नोडांची. सर्वांत लांब वाटेत काळ्यांच्या मध्ये लाल बसवता येतील, पण दोन लाल लागोपाठ येऊ शकत नाहीत. म्हणून प्रत्येक काळ्यामागे फार तर एक लाल, एकूण 6 नोड. लांब वाट आखूड वाटेच्या दुपटीहून मोठी होऊच शकत नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. प्रत्येक वाट निदान 3 नोडांची आहे, याचा अर्थ वरचे 3 थर पूर्ण भरलेले आहेत: 1, 2 आणि 4, म्हणजे किमान 7 नोड. काळे 4 असतील तर किमान 15, काळे 10 असतील तर किमान 1023. एक काळा वाढवायचा तर नोडांची संख्या जवळपास दुप्पट व्हावी लागते. एका वाटेवर 20 काळे असायला किमान 10,48,575 नोड लागतात. दहा लाख नोडांच्या झाडात तेवढे नाहीत, म्हणून काळे फार तर 19 आणि उंची फार तर 38 थर. गणिताच्या भाषेत, n नोडांच्या झाडाची उंची 2 log₂(n + 1) पेक्षा जास्त होत नाही. आकडे कोणत्याही क्रमाने येवोत, ही मर्यादा सुटत नाही.

आता नवा आकडा घालू. आधी साध्या शोधझाडाप्रमाणे खाली उतरून त्याची जागा शोधायची आणि त्याला लाल रंग द्यायचा. लालच का? काळा दिला तर त्या एका वाटेवर एक काळा वाढेल आणि सगळ्या झाडाचा हिशेब बिघडेल. लाल दिल्याने हिशेब जसाच्या तसा राहतो. बिघडलंच तर एवढंच, की नव्या नोडचा बापही लाल निघेल आणि दोन लाल लागोपाठ येतील. ही तक्रार एका जागेपुरती असते. यापुढची सगळी दुरुस्ती एकाच पथ्याने होते: काळ्यांचा हिशेब न मोडता ही तक्रार मिटवायची.

दुरुस्ती कशी करायची, हे बापाच्या भावंडाच्या, म्हणजे काकाच्या रंगावरून ठरतं. बाप लाल आहे, तेव्हा त्याच्या वरचा आजोबा काळाच असणार. काकाही लाल असेल तर काम सोपं आहे. आजोबाचा काळा रंग खाली उतरवायचा: बाप आणि काका काळे, आजोबा लाल. आधी या वाटांवर आजोबाचा एक काळा मोजला जात होता, आता बापाचा किंवा काकाचा एक मोजला जातो. हिशेब तोच. मात्र लाल झालेल्या आजोबाचा बापही लाल असू शकतो, म्हणून तक्रार दोन थर वर सरकते आणि तिथे तीच तपासणी पुन्हा करावी लागते.

काका काळा असेल, किंवा त्याची जागाच रिकामी असेल, तर ही युक्ती चालत नाही. आजोबाला लाल केलं की काकाच्या बाजूचा एक काळा कमी होतो आणि तो भरून काढायला तिथे लाल नोड नसतो. अशा वेळी झाड फिरवावं लागतं. बाप वर येतो आणि काळा होतो, आजोबा एका बाजूने खाली उतरतो आणि लाल होतो. या तुकड्याच्या माथ्यावर पुन्हा काळाच नोड बसल्याने वरच्यांना काही कळतही नाही. तक्रार तिथेच संपते.

10 पासून 80 पर्यंतचे आकडे चढत्या क्रमाने घालून पाहू. 10 मूळ म्हणून काळा होतो, 20 त्याच्या उजवीकडे लाल. 30 आला की तो लाल 20 च्या खाली बसतो आणि काकाची जागा रिकामी असते. डावीकडे फिरवलं की 20 वर येऊन काळा होतो, 10 आणि 30 त्याची लाल अपत्यं होतात. 40 येतो तो 30 च्या खाली, आणि या वेळी काका 10 लाल असतो. म्हणून 10 आणि 30 काळे, 20 लाल. पण 20 हे मूळ, आणि मूळ काळं हवं, म्हणून त्याला परत काळं करायचं. प्रत्येक वाट मुळातूनच जात असल्याने सगळ्या वाटांवर एकाच वेळी एक काळा वाढतो, एकाचे दोन होतात. भर घालताना वाटेवरच्या काळ्यांची संख्या वाढते ती केवळ अशी, मुळापाशी आणि सगळीकडे सारखी.

50 ला एकदा फिरवणं पुरतं आणि 40 हा 30 व 50 यांचा काळा बाप होतो. 60 ला रंगबदल पुरतो: 30 आणि 50 काळे, 40 लाल. 70 ला पुन्हा फिरवणं, त्यात 60 वर येतो. 80 आल्यावर मात्र दोन्ही उपाय लागतात. त्याचा बाप 70 लाल, काका 50 लाल, म्हणून ते दोघे काळे आणि आजोबा 60 लाल. आता लाल 60 चा बाप 40 हाही लाल. तक्रार वर सरकली. या वेळी काका आहे 10, आणि तो काळा. म्हणून 20 भोवती डावीकडे फिरवायचं: 40 मुळाशी येऊन काळा होतो, 20 त्याच्या डावीकडे लाल. फिरवताना 40 चं डावं अपत्य 30 पोरकं होतं. त्याची जागा ठरलेलीच आहे. ते 20 हून मोठं आणि 40 हून लहान, म्हणून 20 च्या उजवीकडे जातं. आकड्यांचा क्रम कुठेही ढळत नाही. साध्या झाडात हे आठ आकडे आठ थरांची साखळी झाले असते. इथे थर चार आहेत.

आता याच झाडात 75 घाला. तो 80 च्या डावीकडे बसतो, आणि 80 स्वतः 70 च्या उजवीकडे आहे. वाट उजवीकडे जाऊन डावीकडे वळली. इथे एकदाच फिरवून भागत नाही, कारण तेवढ्याने 75 हा 80 च्या बाजूने सुटून 70 च्या खाली लाल होऊन लटकेल आणि लाल-लाल जोडी तशीच राहील. म्हणून आधी 80 भोवती उजवीकडे फिरवून वाट सरळ करायची आणि मग 70 भोवती डावीकडे फिरवायचं. 75 वर येऊन काळा होतो, 70 आणि 80 त्याची लाल अपत्यं. एका भरतीत फिरवणं याहून जास्त, म्हणजे दोनदापेक्षा जास्त, कधीच लागत नाही. रंगबदल मात्र मुळापर्यंत जाऊ शकतो, पण प्रत्येक वेळी दोन थर चढत असल्याने दहा लाख नोडांच्या झाडातही तो 19 वेळांच्या आत थांबतो.

काटेकोरपणाची किंमत असते. 1962 मध्ये सोव्हिएत गणितज्ञ आडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी मांडलेलं एव्हीएल झाड याहून बुटकं राहतं, त्यात उंची log₂ n च्या सुमारे 1.44 पटीवर थांबते. पण त्यात आकडा काढून टाकताना फिरवणं मुळापर्यंत करत जावं लागू शकतं. लाल-काळ्या झाडात काढतानाही तीन वेळांच्या आत भागतं. ज्या यादीत सतत भर आणि वजाबाकी चालू असते, तिथे थोडी जास्त उंची पत्करणं परवडतं.

हे झाड लिहिताना होणाऱ्या चुका लपून बसतात, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. रंगांचे नियम मोडले तरी शोध बरोबरच उत्तर देतो, कारण तो रंगाकडे पाहतच नाही. झाड हळूहळू उंच होत जातं आणि वेग कमी होतो, एवढंच. म्हणून प्रत्येक भरतीनंतर काळ्यांचा हिशेब तपासणारं छोटं काम लिहितात: प्रत्येक नोडपाशी डाव्या आणि उजव्या बाजूचे काळे मोजायचे, आणि आकडे जुळले नाहीत किंवा लाल-लाल जोडी दिसली की तिथेच थांबायचं. ही तपासणी चढत्या क्रमाच्या आकड्यांवर चालवून समाधान मानू नये. त्या क्रमात नवा नोड नेहमी उजव्या कडेलाच येतो, म्हणून 75 सारखी वळणाची वाट एकदाही तयार होत नाही आणि तिच्यासाठी लिहिलेला भाग न चालताच बरोबर ठरतो. उतरत्या क्रमातही तेच. झाडाची खरी परीक्षा होते ती विस्कळीत क्रमाने आलेल्या आकड्यांवर.