दिन आणि दीन

१४ ऑक्टोबर जवळ आला की वणीच्या रस्त्यांवर अभिवादनाचे फलक लागतात. अशा फलकांवर पुष्कळदा ‘धम्मचक्र प्रवर्तन दीन’ असे छापलेले आढळते. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे लाचार, दरिद्री. १९५६ साली नागपुरात ज्या दिवशी समाजाने दैन्य झुगारले, त्या दिवसालाच एका वेलांटीने आपण दीन ठरवतो.

ही गफलत होण्यास कारण आहे. मराठीत अकारान्त शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातील इकार आपण लांबवून उच्चारतो आणि गरीब, वकील, विहीर असे दीर्घच लिहितो. मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळ ऱ्हस्व-दीर्घ राखतात. हे दोन्ही शब्द तसेच आहेत. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येत असल्याने येथे कानावर विसंबता येत नाही.

विभक्तीही उपयोगी पडत नाही. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते. परंतु ‘दिनाला’ आणि ‘दीनाला’ यांत मूळ वेलांटी कायम राहते. म्हणून अर्थाची कसोटी लावावी. त्या जागी ‘दिवस’ शब्द बसला तर वेलांटी पहिली: दिनांक, दिनक्रम, महापरिनिर्वाण दिन. ‘दुबळा’ बसला तर दुसरी: दीनदुबळे, दीनवाणा. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेल्या पत्राचे नाव ‘दीनबंधु’ होते, म्हणजे दुबळ्यांचा बंधू. तेथे पहिली वेलांटी दिली तर तो दिवसाचा बंधू होईल.

फलक छपाईस देण्यापूर्वी एवढी अदलाबदल मनातल्या मनात करून पाहावी.