घरातल्या वस्तूंची वही: पुराआधी करायचं एक काम

ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आलेला पूर कलबुर्गीकडच्या घरांमध्ये अजून विसरलेला नाही. महाराष्ट्रात धो-धो पाऊस झाला, उजनीतून पाणी सुटलं, सोन्नाच्या बंधाऱ्यावरून ते पुढे आलं आणि अफझलपूर, जेवर्गी, चित्तापूर तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत शिरलं. अशा वेळी विमा असला तरी पहिला प्रश्न येतो तो असा: घरात नेमकं काय काय होतं? भिजलेल्या घरात उभं राहून ती यादी आठवत नाही.

आपल्यापैकी बरेच जण नोकरीनिमित्त पुण्या-बेंगळुरूला आणि आईवडील, काका-काकू गावी. म्हणून मागच्या दिवाळीच्या सुट्टीत कलबुर्गीच्या काकांच्या घराची यादी मी आणि चुलत बहिणीने मिळून केली. एक दुपार पुरली.

आम्ही खोलीवार गेलो. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक दिला आणि त्यासमोर सहा रकाने ठेवले: वस्तू व कंपनी, मॉडेल नंबर, सिरियल नंबर, खरेदीचं वर्ष व किंमत, आजची किंमत, फोटो क्रमांक. मॉडेल नंबर हजारो फ्रिजना एकच असतो, सिरियल नंबर मात्र त्या एकाच फ्रिजचा. म्हणून वस्तू आपलीच होती हे त्यावरून पटवता येतं. फ्रिजचं लेबल बहुधा आतल्या भिंतीवर किंवा पाठीमागे असतं, वॉशिंग मशीनचं दाराच्या कडेला किंवा मागे, टीव्हीचं पाठीमागे, मिक्सरचं तळाला. एसीच्या आतल्या आणि बाहेरच्या युनिटचे नंबर वेगळे असतात, दोन्ही लिहा. मोबाईलवर `*#06#` दाबलं की आयएमईआय नंबर दिसतो.

प्रत्येक मोठ्या वस्तूचे तीन फोटो घेतले: खोलीत ठेवलेली वस्तू, लेबल आणि बिल. फ्रिज यादीत सातवा, म्हणून त्याच्या फोटोंची नावं `07_vastu.jpg`, `07_serial.jpg`, `07_bill.jpg`. यादी आणि फोटो असे एकमेकांना बांधलेले असले की शोधाशोध होत नाही. दुकानाचं गुळगुळीत कागदावरचं बिल दोन-तीन वर्षांत कोरं पडतं, त्याचा फोटो आधी काढा. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की त्यातली तारखेची नोंद निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती राहते.

बिल नसलेल्या वस्तूंचं काय? काकूंचे तांब्या-पितळेचे हंडे, घागरी, परात आम्ही चक्क काट्यावर ठेवले. वजन लिहिलं की त्या दिवसाच्या मोडीच्या नव्हे, नव्या भांड्यांच्या दराने किंमत काढता येते.

आता किमतीची गोष्ट. काकांनी २०१५ साली फ्रिज १९,२०० रुपयांना घेतला. तेवढ्याच लिटरचा आज २८,५०० ला पडतो. खरेदीची किंमत मालकीचा पुरावा म्हणून लागते, पण विम्याची रक्कम ठरवताना आजची किंमत बघायची. सगळी बेरीज केली तेव्हा खरेदीच्या रकान्यात ३,१०,००० आणि आजच्या रकान्यात ४,८५,००० आले.

काकांकडे 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वच सामान्य विमा कंपन्या ती एकाच साच्यात देतात. त्यात घराच्या बांधकामाचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, एवढा सामानाचा विमा आपोआप मिळतो. काकांचं घर २० लाखांचं, म्हणजे सामान ४ लाखांपर्यंत. यादी तर ४,८५,००० ची. वरच्या ८५,००० साठी सामानाची माहिती देऊन रक्कम वाढवून घ्यावी लागली. यादी केली नसती तर हा फरक पुरानंतरच कळला असता.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. दागिने या आपोआप मिळणाऱ्या रकमेत येत नाहीत, त्यांना वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. रोख रक्कम आणि कागदपत्रंही साधारणपणे येत नाहीत. शिवाय या पॉलिसीत चोरी धरली जाते ती पूर-आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांत झाली तरच. एरवीच्या घरफोडीचा विमा वेगळा.

नुकसान झालंच तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेली वस्तू भंगारात देऊ नका. चिखल पुसण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो घ्या. खालच्या बाजूची लेबलं पुरात निघून जातात, तिथे आधीचा लेबलचा फोटोच कामाला येतो.

आमच्या यादीची एक प्रत माझ्याकडे पुण्यात आहे आणि एक बहिणीकडे बीदरला. घरातच ठेवलेली वही घराबरोबरच भिजते. नवी वस्तू आली की काका बिलाचा फोटो धाडतात, मी एक ओळ वाढवते. पॉलिसीचं नूतनीकरण जवळ आलं की आजच्या किमतीचा रकाना पुन्हा भरायचा, एवढंच काम उरतं.