फंडिंग कमिटीसमोर प्रेझेंटेशन: सुरुवात शेवटच्या स्लाइडपासून करा

पुण्यात संशोधनावर आधारित प्रॉडक्ट करणारे बरेच जण बायरॅकच्या 'बिग' ग्रँटसाठी पाषाणच्या व्हेंचर सेंटरमार्फत अर्ज करतात. 50 लाखांपर्यंत रक्कम, 18 महिन्यांची मुदत, आणि पैसे टप्प्याटप्प्याने, आधीचं काम दाखवल्यावर. म्हणून शेवटची स्लाइड आधी लिहा.

समजा, पुरंदरचं अंजीर जास्त टिकावं म्हणून तुम्ही खाण्यायोग्य लेप बनवताय. 'शेतकऱ्यांचा फायदा होईल' हा निष्कर्ष कमिटीला मोजता येत नाही. 'साध्या तापमानाला पाचव्या दिवशी 100 पैकी 90 फळं बुरशीशिवाय' हा मोजता येतो.

आता गॅप. 'अंजीर लवकर खराब होतं' ही अडचण झाली, ती सगळ्यांना माहीत आहे. गॅप म्हणजे आजचे उपाय नेमके कुठे कमी पडतात ते. कोल्ड स्टोरेज आहे, पण छोट्या शेतकऱ्याकडे नाही. फळांवरचं मेण आहे, पण अंजिराची साल नाजूक असते आणि देठाच्या विरुद्ध टोकाला बारीक छिद्र असतं, तिथून बुरशी आत शिरते. तुमचा लेप त्या छिद्राचं काय करतो? हाच तुमचा गॅप, एका वाक्यात.

पद्धत सांगताना मशीनचे फोटो कमी, तुलना जास्त. एकाच दिवशी तोडलेली फळं तीन गटांत वाटा: काहीच न लावलेली, फक्त पाण्यात बुडवून वाळवलेली, आणि लेपाची. मधला गट बहुतेक जण विसरतात. मग प्रश्न येतो, 'फरक लेपामुळे की बुडवल्यामुळे?' आणि उत्तर नसतं. रोज वजनातली घट आणि बुरशी लागलेली फळं मोजा.

खरी गंमत टाइमलाइनमध्ये आहे. 18 महिन्यांचे सुंदर रंगीत पट्टे काढतात, पण फळ कधी येतं ते बघतच नाहीत! पुरंदरचा खट्टा बहार साधारण डिसेंबर-जानेवारीत, मीठा मार्च-एप्रिलच्या सुमारास. ग्रँट जूनमध्ये सुरू झाली तर ती पुढच्या वर्षी नोव्हेंबरला संपते, म्हणजे हातात दोनच बहार. मग जून ते नोव्हेंबर लेपाचं सूत्र पक्कं करा, खट्ट्यात छोटी चाचणी, मीठ्यात तीन शेतांवरची मोठी चाचणी. मीठा हुकला की मुदतीत दुसरी संधी नाही, आणि ही जोखीम तुम्ही स्वतःच स्लाइडवर लिहा. कमिटीने शोधून काढली तर महाग पडते.

खट्ट्यानंतरचा टप्पाही आकड्यात हवा: 'चौथ्या दिवशी लेपाच्या गटात बुरशी, मधल्या गटाच्या निम्मी किंवा कमी'. नाही जमलं तर? सूत्र बदलून मीठ्यात पुन्हा छोटीच चाचणी घेणार, मोठी नाही, हेही तिथेच लिहून टाका. पुढचा हप्ता मागताना हाच आकडा तुमच्यासमोर ठेवला जाईल, त्यामुळे न झेपणारा आकडा लिहू नका.