आधी ओव्हनचा हिशेब, मग रील

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात कोणी दिवाळीसाठी नानकटाई करून विकते, असे धरू. ओव्हन घरगुती, ट्रेमध्ये एका वेळी 16 नग मावतात. एक नानकटाई साधारण 25 ग्रॅमची, म्हणजे अर्ध्या किलोच्या डब्यात 20. आठ डब्यांना 160 नग, म्हणजे दहा घाणे. ट्रे आत-बाहेर करण्यासह एका घाण्याला 25 मिनिटे धरली, तर नुसत्या भाजण्यात चार तासांहून जास्त वेळ जातो. मळणे, गार करणे, डबे भरणे वेगळेच. तेव्हा रोज आठ डबे ही तिची मर्यादा, आणि रीलची आखणी इथूनच सुरू व्हायला हवी. साठ जणांनी विचारले आणि बावन्न जणांना नाही म्हणावे लागले, तर त्या व्हिडिओचा तोटाच झाला.

एका रीलमध्ये एकच पदार्थ असावा. केक, कुकी, ब्राउनी सगळे एकदम दाखवले की पाहणाऱ्याला नेमके काय मागवायचे ते कळत नाही. नानकटाईचे 24 सेकंदांचे रील करायचे, तर पहिल्या दोन सेकंदांत ती मोडताना दाखवावी. फोन जवळ, पंखा बंद, म्हणजे ‘खुस्स’ असा आवाज येतो आणि भुगा पडताना दिसतो. काही घरगुती बेकऱ्या सुरुवातीला स्वतःचे बोधचिन्ह फिरवतात. लोक तिथेच अंगठा वर सरकवतात.

पुढचे पाच सेकंद घाईचे. तूप-साखर फेटून पांढरी झाली, वेलदोड्याची पूड पडली, पीठ मळले, गोळे वळले. प्रत्येक तुकडा जेमतेम सेकंदभराचा. इथे हात सतत समोर असतात, त्यामुळे अंगठ्या काढलेल्या आणि नखे कापलेली हवीत. गिऱ्हाईक तेच आधी बघते.

मग मात्र थांबायचे. नानकटाईची खरी गंमत ओव्हनमध्ये आहे: गोळा हळूहळू बसतो, पसरतो आणि माथ्यावर भेगा पडतात. वीस मिनिटांचे हे भाजणे टाइमलॅप्सवर टिपून सात-आठ सेकंदांत बसवावे. काचेत स्वयंपाकघर दिसू नये म्हणून खोलीतला दिवा घालवून ओव्हनमधला तेवढा ठेवावा. फोन दाराला खेटून ठेवला तर तापून चित्रण बंद पडू शकते, म्हणून तो हातभर लांब ठेवून झूम करावा. बाकीचे सगळे चित्रण सकाळी खिडकीपाशी करावे. पिवळ्या बल्बखाली नीट भाजलेली नानकटाईही करपल्यासारखी दिसते.

उरलेले नऊ सेकंद डब्याचे. चारात डबा भरून वजनकाट्यावर 500 ग्रॅम दिसावे. शेवटच्या पाचांत डबा स्थिर आणि त्यावर मजकूर: वजन, किंमत, ‘फक्त पुणे, सिंहगड रस्ता परिसर’. परिसर लिहिला नाही तर नागपूरहूनही चौकशा येतात, कारण रील कुणाकुणापर्यंत जाईल ते आपल्या हाती नसते. मजकूर पडद्याच्या खालच्या भागात नको. तिथे इन्स्टाग्राम खात्याचे नाव आणि कॅप्शन दाखवते. तो सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ टिकला पाहिजे.

ऑर्डरची शेवटची तारीख व्हिडिओत नको, कॅप्शनमध्ये हवी. कॅप्शन नंतर बदलता येते, टाकलेला व्हिडिओ बदलता येत नाही, आणि रील दिवाळी संपल्यावरही फिरत राहते. किंमत मात्र व्हिडिओतच सांगावी. ‘किमतीसाठी मेसेज करा’ म्हटले की दिवसभर एकच उत्तर टाइप करावे लागते, आणि हात तुपाचे असतात.

ऑर्डर एकाच ठिकाणी घ्यावी. खात्याच्या माहितीत `https://wa.me/91XXXXXXXXXX` अशी लिंक, X च्या जागी आपला नंबर, दिली की गिऱ्हाईक थेट व्हॉट्सअॅपवर येते. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये तयार उत्तर ठेवता येते. त्यात चारच प्रश्न पुरेत: किती डबे, कोणत्या दिवशी, कुठे, आणि सुक्यामेव्याची अॅलर्जी आहे का. निम्मी रक्कम आगाऊ आली की ऑर्डर पक्की. मात्र पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत; तसली चित्रे बनवता येतात. खात्यात रक्कम जमा झाल्याचे स्वतः पाहावे, मगच त्या संभाषणाला ‘पैसे आले’ हे लेबल लावावे आणि वहीत त्या तारखेखाली नाव लिहावे. त्या तारखेखाली आठ डबे भरले की पुढच्या माणसाला दुसरा दिवस सुचवावा.

आठवड्याने इन्स्टाग्रामच्या आकडेवारीत लोक कोणत्या सेकंदाला निघून गेले तो आलेख बघावा. तिसऱ्या सेकंदाला घसरण असेल तर सुरुवात बदलावी, भाजताना असेल तर तो तुकडा छाटावा. शेवटपर्यंत पाहून ऑर्डर आली नसेल, तर आधी किंमत, परिसर आणि लिंक स्वतः दुसऱ्याच्या फोनवर उघडून तपासावी.