मुळशी–न्यू जर्सी : नाव, गाव, फळ, फूल

मुळशीत सकाळचे साडेसात, तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे दहा. नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की नऊ. व्हिडिओ कॉलवर गाण्याच्या भेंड्या फसतात, कारण आवाज उशिरा पोहोचतो आणि दोघं एकदम गातात. त्यापेक्षा कागदावरचा हा खेळ बरा. ‘स्टॉप’ ओरडण्याऐवजी दोघांनी आपापल्या घड्याळावर एक मिनिट लावावं. अक्षर ‘म’ आलं आणि दोघांनीही गाव ‘मुळशी’ लिहिलं, तर पाच-पाच गुण. एकाने ‘माण’ लिहिलं, तर दोघांना दहा-दहा. मग कागद कॅमेऱ्यासमोर धरावा. आपल्याला अक्षरं उलटी दिसली, तरी समोरच्याला सहसा सुलटीच दिसतात. पावसात चित्र गोठलं, तर कागदाचा फोटो पाठवावा, मिनिट संपताक्षणी. नाहीतर भांडण ठरलेलं.