नऊ वजा चार वजा दोन

नऊ वजा चार वजा दोन किती? शाळेतलं पोर ३ सांगून मोकळं होईल. डावीकडून सुरुवात करायची, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. संगणकाला मात्र ते कुणीतरी लिहून द्यावं लागतं. लिहून देताना हात आपसूक या सुटसुटीत व्याकरणाकडे जातो:

```
E → E - E
E → 9 | 4 | 2
```

E म्हणजे पदावली. दोन पदावल्यांमध्ये वजाचं चिन्ह ठेवलं की नवी पदावली तयार होते आणि नुसता आकडा हीसुद्धा पदावलीच. नियमांत चूक काहीच नाही, पण कुठली वजाबाकी आधी करायची याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. त्यामुळे `9-4-2` ची दोन झाडं उभी राहतात. संगणकशास्त्राचे विद्यार्थी त्यांना पार्स ट्री म्हणतात. एका झाडात डावीकडचा E फुटून `9-4` होतो आणि उत्तर ३ येतं. दुसऱ्यात उजवीकडचा फुटून `4-2` होतो आणि उत्तर येतं ७. एकाच मजकुराची अशी एकाहून अधिक झाडं निघाली की व्याकरण संदिग्ध ठरतं.

झाडं किती, हे मोजायची युक्ती सोपी आहे. झाडाच्या शेंड्याशी कुठलं वजाचिन्ह बसेल ते आधी ठरवायचं. मग त्याच्या डावीकडच्या तुकड्याची झाडं आणि उजवीकडच्या तुकड्याची झाडं यांचा गुणाकार करायचा. `20-8-4-2` मध्ये चिन्हं ३ आहेत. पहिलं चिन्ह शेंड्याशी असेल तर १×२, मधलं असेल तर १×१, शेवटचं असेल तर २×१, एकूण ५. चार चिन्हांना १४, पाचांना ४२ आणि दहांना तब्बल १६,७९६. गणितात हे कॅटलान आकडे म्हणून ओळखले जातात. बहुभुजाकृतीचे त्रिकोण किती प्रकारे पाडता येतील, हे मोजताना ऑयलरला १७५१ मध्ये हेच आकडे भेटले होते.

यात एक गंमत आहे. `20-8-4-2` च्या पाच झाडांची उत्तरं ६, १४, १०, १८ आणि पुन्हा १४ येतात. म्हणजे झाडं पाच, उत्तरं चारच. उत्तर जुळलं म्हणून झाडं एक होत नाहीत. संदिग्धता झाडांवरून ठरते.

परीक्षेत खरा घोळ होतो तो पुढे. E पासून एकेक नियम लावत मजकुरापर्यंत जाण्याला डेरिव्हेशन म्हणतात. प्रत्येक पायरीला सर्वांत डावीकडचा E बदलला तर ते लेफ्टमोस्ट, सर्वांत उजवीकडचा बदलला तर राइटमोस्ट. उत्तर ३ देणाऱ्या झाडाची ही दोन्ही डेरिव्हेशन्स पाहा:

```
E ⇒ E-E ⇒ E-E-E ⇒ 9-E-E ⇒ 9-4-E ⇒ 9-4-2
E ⇒ E-E ⇒ E-2 ⇒ E-E-2 ⇒ E-4-2 ⇒ 9-4-2
```

ओळी वेगळ्या दिसतात, म्हणून अनेक जण लगेच 'व्याकरण संदिग्ध' असं लिहून मोकळे होतात. पण कुठल्या E च्या जागी काय आलं हे दोन्हींत तंतोतंत सारखं आहे. बदलला आहे तो फक्त क्रम. या झाडात एकूण पाच E आहेत आणि अट एवढीच की वरचा E फुटल्याशिवाय खालचा फुटत नाही. ती पाळून पाच E आठ वेगवेगळ्या क्रमांनी फोडता येतात. त्या आठांत लेफ्टमोस्ट एकच आणि राइटमोस्टही एकच. म्हणून संदिग्धता दाखवायची तर एकाच जातीची दोन डेरिव्हेशन्स हवीत. दुसऱ्या झाडाचं लेफ्टमोस्ट असं:

```
E ⇒ E-E ⇒ 9-E ⇒ 9-E-E ⇒ 9-4-E ⇒ 9-4-2
```

वरच्या लेफ्टमोस्टशेजारी हे ठेवलं की काम झालं.

प्रत्यक्षात हा पेच पार्सर लिहिताना समोर येतो. बायसन हे साधन राइटमोस्ट डेरिव्हेशन शेवटाकडून उलटं जुळवत जातं. `E - E` वाचून झाल्यावर पुढे आणखी एक वजा दिसला की ते अडतं: हातातली वजाबाकी मिटवायची की पुढचं चिन्ह आत घ्यायचं? ते shift/reduce conflict अशी सूचना देतं आणि कुणी काही सांगितलं नसेल तर चिन्ह आत घेतं. उत्तर ७! सूचनेकडे काणाडोळा केला तर प्रोग्राम विनातक्रार चालतो आणि बेरजांवरच तपासला तर चूक कळतही नाही, कारण बेरजेची सगळी झाडं एकच उत्तर देतात.

`%left '-'` एवढी ओळ लिहिली की बायसन आधी मिटवायला लागतं. किंवा मग व्याकरणच बदलायचं:

```
E → E - T | T
T → 9 | 4 | 2
```

आता वजाच्या उजवीकडे एकटा आकडाच बसू शकतो, त्यामुळे चिन्हं कितीही असोत, झाड एकच. तरी बायसनची सूचना म्हणजे संदिग्धतेचा पुरावा नव्हे. काही निर्दोष व्याकरणांवरही ते अडतं. कुठलंही व्याकरण दिलं की ते संदिग्ध आहे का, हे हमखास सांगणारी पद्धतच असू शकत नाही, हे डेव्हिड कँटर आणि रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६२ मध्येच दाखवून दिलं आहे.