कार्बनचा ताळेबंद : वर्गातला तक्ता आणि सोलापूरची दोन धुराडी

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कार्बन चक्र शिकताना मुलं जी आकृती काढतात तिच्यात झाड असतं, गाय असते, कारखान्याचं धुराडं असतं आणि त्यांना जोडणारे सारख्याच जाडीचे बाण असतात. त्या बाणांवरून कार्बन कुठून कुठे जातो ते कळतं, किती जातो ते कळत नाही. त्यामुळे गाईचा श्वास आणि धुराड्याचा धूर मुलांच्या डोक्यात एकाच तोलाचे होऊन बसतात. शुक्रवार पेठेतल्या एखाद्या वर्गाने तक्ता करायचा ठरवलं, तर सुरुवात चित्रापासून न करता मोजमापापासून करावी असं मला वाटतं.

आधी साठे घ्या. एक चौरस सेंटीमीटर म्हणजे शंभर अब्ज टन कार्बन, एवढं प्रमाण धरलं की कार्डशीटवर काम भागतं. हवेत सुमारे ८७० अब्ज टन कार्बन आहे, म्हणजे तीन सेंटीमीटर बाजूचा एक लहानसा चौकोन. जगातल्या सगळ्या झाडाझुडपांत साधारण ४५० अब्ज टन, हवेच्या चौकोनाच्या जेमतेम निम्मा. मातीतल्या सेंद्रिय पदार्थांत मात्र १,७०० अब्ज टनांच्या आसपास आहे, आणि मुलांना पहिला धक्का इथे बसतो, कारण पुस्तकातल्या चित्रात माती ही झाडाखालची नुसती तपकिरी पट्टी असते. दुसरा धक्का समुद्राचा. खोल पाण्यात सुमारे ३७,००० अब्ज टन कार्बन विरघळलेला आहे, तेव्हा त्याचा चौकोन एकोणीस सेंटीमीटर बाजूचा होतो आणि बाकी सगळं त्याच्या कडेला चिकटवावं लागतं. चुनखडकाचा साठा काही कोटी अब्ज टनांचा आहे. या प्रमाणात तो काढायला गेलात तर वर्गाची फरशीही पुरणार नाही. तिथे एक बाण कागदाबाहेर सोडून द्यावा.

आता बाणांची जाडी. वर्षाला दहा अब्ज टन म्हणजे एक मिलिमीटर. वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून वर्षाला सुमारे १३० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात आणि श्वसन, कुजणं, वणवे यांतून जवळजवळ तेवढाच परत जातो. हे दोन बाण तेरा-तेरा मिलिमीटरचे. समुद्र आणि हवा यांच्यातली देवघेव दोन्ही बाजूंनी सुमारे ८० अब्ज टनांची, म्हणून आठ-आठ मिलिमीटर. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून येणारा बाण २०१३ ते २०२२ या दशकात सरासरी ९.६ अब्ज टनांचा होता. त्याची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. इथे चौकस मूल विचारणारच, की एवढ्याशा रेघेची एवढी चिंता कशाला? कारण तिला परतीचा बाण नाही.

‘स्रोत आणि शोषक यांचा समतोल’ दाखवा असं शिक्षक सांगतात तेव्हा मुलं जाणारे आणि येणारे बाण सारखे करून मोकळी होतात. पेठेतला कुठलाही मुनीम सांगेल, की जमा-खर्च जुळणं आणि जमा खर्चाएवढी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिल्लक वाढत असली तरी वही जुळते. कार्बनची वहीसुद्धा तशीच मांडायची. त्या दशकात दरवर्षी ९.६ अब्ज टन जीवाश्म इंधनं व सिमेंटमधून आणि १.३ अब्ज टन जंगलतोड व जमिनीच्या वापरातल्या बदलांतून आले, एकूण १०.९. त्यातले ५.२ हवेत साठून राहिले, ३.३ जमिनीवरच्या वनस्पती-मातीने आणि २.८ समुद्राने घेतले. ही बेरीज ११.३ होते. म्हणजे ०.४ अब्ज टनांचा फरक उरतो.

हा फरक खोडून जुळवून टाकायचा मोह वर्गात हमखास होतो. तसं करू नये. हवेतली वाढ आपण थेट मोजतो, म्हणून ५.२ हा आकडा फार पक्का आहे. जमिनीने किती घेतलं हे मात्र प्रतिमानांतून काढावं लागतं आणि त्यात जवळपास एक अब्ज टनाची अनिश्चितता आहे. ०.४ हा त्या अनिश्चिततेत सहज मावणारा आकडा आहे. तो तक्त्यावर वेगळ्या रंगात लिहावा.

आणखी एक चूक शोधायला सोपी आहे. वर्तमानपत्रात जगाचं इंधनजन्य उत्सर्जन ३५ अब्ज टनांच्या पुढे दिलेलं असतं, तक्त्यावर ९.६ असतं. पहिला आकडा कार्बन डायऑक्साइडचा, दुसरा नुसत्या कार्बनचा. पहिल्याला ४४/१२ म्हणजे ३.६७ ने भागलं की कार्बन मिळतो. एकाच तक्त्यात दोन्ही एककं मिसळली, तर वही कधीच जुळणार नाही.

जगाचे आकडे झाल्यावर सोलापूरचा एक छोटा तक्ता शेजारी लावावा. त्यासाठी दोन धुराडी पुरेत. एक साखर कारखान्याचं, दुसरं दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एनटीपीसीच्या औष्णिक केंद्राचं. लांबून दोन्हींचा धूर सारखाच दिसतो आणि बाहेर पडणारा वायूही रासायनिकदृष्ट्या तोच असतो, पण तक्त्यावर त्यांचे बाण वेगळ्या चौकोनांतून निघतात.

एक टन ऊस घ्या. गाळपानंतर सुमारे ३०० किलो बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी. उरलेल्या दीडशे किलो कोरड्या बगॅसमध्ये सत्तर किलोच्या आत-बाहेर कार्बन असतो आणि तो बॉयलरमध्ये जळून धुराड्यातून जातो. साखर शंभर किलोच्या आसपास मिळते. तिच्यात ४२ टक्के कार्बन असतो, म्हणजे सुमारे ४२ किलो. तो चहातून आपल्या पोटात जातो आणि काही तासांत उच्छ्वासातून हवेत. हा सगळा कार्बन वर्ष-दीड वर्षापूर्वी उसाने हवेतूनच घेतला होता. त्याच रानात पुन्हा ऊस किंवा खोडवा उभा राहतो तोवर हा बाण वर्तुळात फिरतो. पण उसाला पाणी देणाऱ्या मोटारीची वीज, वाहतुकीचं डिझेल, युरिया तयार करायला लागलेला नैसर्गिक वायू हे या वर्तुळाबाहेरचे. ते न दाखवता ‘ऊस म्हणजे कार्बन शून्य’ असं लिहिणं खोटं ठरेल. (सिद्धेश्वर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये विमानतळासाठी पाडली, तेव्हा शहरात केवढी चर्चा झाली! त्या चिमणीतून जाणारा कार्बन बहुतेक याच वर्तुळातला होता.)

एनटीपीसीचे दोन संच प्रत्येकी ६६० मेगावॉटचे. वर्षभर ते क्षमतेच्या साठ टक्के चालले असं धरलं तर जवळपास ७०० कोटी युनिट वीज होते. कोळशाच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ६३ लाख टन, म्हणजे १७ लाख टन कार्बन. भारतातला कोळसा मुख्यत्वे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातला. त्या जंगलांनी हवेतून काढून गाडलेला कार्बन आपण एका वर्षात वर आणतो. तो पुन्हा गाडला जाण्याची वाट माणसाच्या हिशेबात बसत नाही.

हे दोन धूर वेगळे असल्याचा पुरावा प्रयोगशाळेत मिळतो. जिवंत वनस्पतीत कार्बन-१४ हा किरणोत्सारी अंश हवेइतकाच असतो. त्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षं. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात तो उरतच नाही. बगॅसच्या धुरात तो सापडतो, कोळशाच्या धुरात नाही.

हवेतली वाढ आपल्याकडेही मोजली गेली आहे. गोव्याच्या काबो द रामा इथे १९९३ पासून काही वर्षं बाटल्यांत हवा भरून तिचं पृथक्करण होत असे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सिंहगडावरही असे नमुने घेतले. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, हिवाळ्यात जमिनीवरून, त्यामुळे आकडा वर्षभरात खालीवर होतो. दरवर्षीची वाढ त्या चढउतारावर बसलेली असते. ५.२ अब्ज टन म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांमागे जवळपास अडीच भागांची भर.

सोलापूरच्या तक्त्यावर एक चौकोन मात्र अडचणीचा ठरतो. इथल्या काळ्या रानात खणलं की पांढरे खडे लागतात, शेतकरी त्याला चुनखडी म्हणतात. तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे कार्बनच, पण मातीचे १,७०० अब्ज टन मोजताना फक्त सेंद्रिय कार्बन धरलेला असतो. बेसॉल्ट झिजताना त्यातून सुटलेलं कॅल्शियम जमिनीतल्या कार्बन डायऑक्साइडशी बांधलं गेलं असेल, तर हवेतून चुनखडीकडे बाण काढणं योग्य. जुनाच चुना विरघळून पुन्हा साचला असेल, तर हवेतून निव्वळ काहीच आलेलं नाही आणि बाण काढता येत नाही. खडा हातात घेऊन हे सांगता येत नाही. कॅल्शियम कुठून आलं हे तपासल्याशिवाय त्या चौकोनाला बाण जोडू नये.